रक्तदान केलं, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघालं, पण तब्येत ठणठणीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात चवथीच्या आधी, देवस्थानाच्या वर्धापनदिनाला किंवा एखाद्या मंडळाच्या सोहळ्यात रक्तदान शिबिरं भरतात. रक्त देणारे बहुतेक धडधाकट असतात. म्हणूनच काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला आणि ‘एकदा येऊन भेटा’ असं सांगितलं की पायाखालची जमीन सरकते. मी समुपदेशनाच्या टेबलावर बसते. समोर बसलेला माणूस पहिलं वाक्य जवळजवळ एकच बोलतो: “मॅडम, मला तर काहीच होत नाही.” हे पान त्याच वाक्याबद्दल आहे, आणि फक्त हिपॅटायटिस बी या यकृतात राहणाऱ्या विषाणूबद्दल.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही ‘असिम्प्टोमॅटिक’ आहात. म्हणजे मला आजार आहे की नाही?

विषाणूची लागण आहे, आणि आज तरी त्याचा त्रास तुम्हाला जाणवत नाही. या शब्दात एवढाच अर्थ आहे. त्यात तीन गोष्टी सांगितलेल्या नसतात, आणि लोक नेमक्या त्याच गृहीत धरतात: विषाणू थोडा आहे, यकृताला धक्का लागलेला नाही, आणि दुसऱ्याला लागण होणार नाही. या तिन्हींची उत्तरं रक्ताच्या पुढच्या तपासण्यांतून मिळतात. भूक लागते का, थकवा येतो का, या प्रश्नांतून ती मिळत नाहीत.

रिपोर्ट चुकीचा असू शकतो का?

असू शकतो, म्हणून एका रिपोर्टवर कुणी आयुष्याचा निकाल लावून घेऊ नये. आपल्या देशात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची पाच गोष्टींसाठी तपासणी सक्तीची आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. रुग्णाला चुकूनही दूषित रक्त जाऊ नये म्हणून ही चाचणी अतिसावध ठेवलेली असते. शंका आली तरी पिशवी बाद होते. त्यामुळे निरोगी माणसांत कधीकधी खोटा पॉझिटिव्ह निघतो.

यात एक प्रसंग फारसा कुणाला माहीत नसतो. हिपॅटायटिस बीची लस घेतल्यावर सुमारे अठरा दिवसांपर्यंत ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण चाचणी विषाणूच्या ज्या एचबीएसएजी नावाच्या प्रथिनाला शोधते तेच लशीत असतं. नर्सिंगची विद्यार्थिनी किंवा इस्पितळात नव्याने लागलेला कर्मचारी लस घेऊन लगेच शिबिराला गेला, तर असं घडू शकतं. तेव्हा लस कधी घेतली ते आधी सांगा.

पक्कं करण्यासाठी नवीन नमुना घेऊन एचबीएसएजी चाचणी पुन्हा केली जाते आणि सोबत ‘अँटी-एचबीसी’ ही दुसरी चाचणी लावतात. लशीमुळे अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह होत नाही, खऱ्या लागणीनेच होते. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या तर लागण खरी समजायची. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी तसंच राहिलं, तर लागण दीर्घकालीन आहे असं म्हणतात.

मला आयुष्यात कधी कावीळ झाली नाही. मग हे आलं कुठून?

बहुतेक वेळा जन्माच्या वेळी आईकडून, किंवा अगदी लहानपणी घरातूनच.

वय फार महत्त्वाचं आहे. मोठ्या माणसाला लागण झाली तर त्याचं शरीर विषाणूशी जोरात भांडतं. अनेकांना कावीळ होते, आणि शंभरातल्या पंच्याण्णवांच्या आसपास लोक विषाणू पूर्णपणे हटवतात. नवजात बाळाचं उलट आहे. त्याची प्रतिकारशक्ती विषाणूला परका म्हणून ओळखतच नाही, म्हणून कावीळही होत नाही आणि विषाणूही जात नाही. अशा दहातल्या नऊ बाळांत तो मुक्काम ठोकतो. कधीच कावीळ न झालेला माणूसच तीस-चाळीस वर्षांनी शिबिरात पॉझिटिव्ह निघतो, त्याचं कारण हे आहे.

आपल्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर २०११ पासून आली. त्याआधी जन्मलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना ती बाळपणी मिळालेलीच नाही. म्हणून कुणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवायची घाई करू नका. घरात या रिपोर्टवरून नवरा-बायकोत भांडणं होतात, आणि शेवटी सासूची तपासणी केली की मूळ तिथे सापडतं. त्या माउलीलाही ते कुणाकडून तरी जन्मतःच आलेलं असतं.

यकृतात विषाणू इतकी वर्षं राहतो आणि काहीच जाणवत नाही, हे पटत नाही.

पटत नाही हे स्वाभाविक आहे, कारण आजार म्हणजे दुखणं असंच आपण धरून चालतो. इथे तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली गोष्ट, हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो, स्वतःच्या प्रती काढून घेतो, पण पेशीला थेट मारत नाही. पेशी मरतात त्या आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात. विषाणू बसलेली पेशी ओळखून प्रतिकारशक्ती तिला नष्ट करते. ती शांत असेल तोवर रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी विषाणू असले तरी यकृत जवळपास सुरक्षित राहतं. वीस-बावीस वर्षांच्या मुलांत ही अवस्था अनेकदा दिसते. मुलगा फुटबॉल खेळतो, नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत जागतो, आणि त्याच वेळी त्याचं रक्त सर्वांत जास्त संसर्गजन्य असतं. तब्येत आणि विषाणूची संख्या यांचा मेळ बसतच नाही.

दुसरी, प्रतिकारशक्ती पुढे कधीतरी जागी होते, बहुधा विशीच्या शेवटी किंवा तिशी-चाळिशीत. मग यकृतात धुमसती सूज सुरू होते. पण यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत, फक्त वरच्या आवरणाला कळतात. त्यामुळे सूज असूनही दुखत नाही. फारतर थोडा थकवा येतो आणि तो आपण पावसाळ्याच्या, कामाच्या नावावर खपवतो.

तिसरी, यकृताकडे राखीव ताकद खूप असते. बराच भाग निकामी होऊन त्याजागी वणासारखे घट्ट धागे तयार झाले, तरी उरलेला भाग काम ओढत राहतो. पोटात पाणी होणं, पाय सुजणं, रक्ताची उलटी ही लक्षणं येतात तेव्हा ती राखीव ताकद संपलेली असते. लक्षणांची वाट बघणं म्हणून या आजारात फार महाग पडतं. दीर्घकालीन लागण असलेल्या दर चार-पाच प्रौढांत एकाला पुढे सिरॉसिस, म्हणजे वणांनी यकृत कडक होणं, किंवा यकृताचा कर्करोग होतो. बाकीच्यांचं आयुष्य नेहमीसारखं जातं. आपण कुठल्या गटात आहोत ते आतून कळत नाही, मोजूनच कळतं.

कोविडमध्येही मी असिम्प्टोमॅटिक होतो. घरी राहिलो आणि संपलं. हे तसंच ना?

नाही. कोविडमध्ये लक्षणं नसलेल्या माणसाच्या शरीरातला विषाणू थोड्याच दिवसांत जातो, म्हणून ठरावीक दिवस वेगळं राहिलं की प्रश्न मिटत होता. हिपॅटायटिस बीची दीर्घकालीन लागण वर्षाला शंभरातल्या जेमतेम एकाच्या शरीरातून आपोआप नाहीशी होते. इथे वेगळ्या खोलीत राहण्याचीही गरज नाही, कारण तो श्वासातून पसरत नाही. २०२० मध्ये शब्द तोंडी बसला, पण तेव्हाचे नियम इथे लावू नका.

मग पुढे नक्की काय तपासायचं? एक उदाहरण सांगाल का?

दोन भावांचं उदाहरण घेऊ. आकडे आणि माणसं मी समजावण्यासाठी रचली आहेत, पण असं चित्र खरोखर दिसतं.

फोंडा तालुक्यातला धाकटा भाऊ, वय ३४, शिबिरात रक्त देतो आणि पॉझिटिव्ह निघतो. दुसऱ्या नमुन्यातही तेच येतं. डॉक्टर चार गोष्टी तपासायला सांगतात: यकृताची सूज दाखवणारे एसजीपीटी आणि एसजीओटी, रक्तातल्या प्लेटलेट, विषाणू मोजणारी एचबीव्ही डीएनए चाचणी, आणि पोटाची सोनोग्राफी. सोबत एचबीईएजी नावाची एक चाचणी असते. ती पॉझिटिव्ह असली की विषाणू बहुधा जोरात वाढतो आहे असं समजतात.

धाकट्याचं एसजीपीटी २४ येतं, एसजीओटी २६, प्लेटलेट २ लाख ३० हजार, एचबीईएजी निगेटिव्ह, आणि डीएनए ६४० युनिट. सोनोग्राफी स्वच्छ.

घरच्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं ठरतं. आई पॉझिटिव्ह निघते, आणि थोरला भाऊही, वय ४१. थोरला म्हणतो, “मी याच्यापेक्षा दणकट आहे, काजूच्या बागेत दिवसभर राबतो.” ते खरंही आहे. पण त्याचं एसजीपीटी ७२ आहे, एसजीओटी ६१, प्लेटलेट १ लाख ४८ हजार, आणि डीएनए ४८ हजार युनिट.

आता एक साधा हिशेब. एसजीओटीला प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेने, म्हणजे साधारण ४० ने भागायचं, शंभराने गुणायचं, आणि आलेल्या आकड्याला हजारांत मोजलेल्या प्लेटलेटने भागायचं. याला ‘एप्री’ म्हणतात. यकृतात वण किती झाले असावेत याचा तो स्वस्तातला अंदाज आहे. धाकट्याचा एप्री: २६ भागिले ४०, गुणिले १०० म्हणजे ६५, आणि ६५ भागिले २३० म्हणजे सुमारे ०.२८. थोरल्याचा: ६१ भागिले ४०, गुणिले १०० म्हणजे १५२.५, आणि त्याला १४८ ने भागलं की सुमारे १.०३.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी एप्री ०.५ च्या वर गेला तर उपचार सुचवले आहेत. डीएनए २००० युनिटच्या वर असून एसजीपीटी मर्यादेबाहेर असेल, म्हणजे पुरुषात ३० आणि बाईत १९ च्या वर, तरीही उपचार सुचवले आहेत. थोरला दोन्ही कसोट्यांत बसतो, धाकटा एकाही नाही.

दोघेही असिम्प्टोमॅटिक. दोघेही एकाच ताटातलं जेवून एकाच घरात वाढलेले. एकाला आजपासून गोळी, दुसऱ्याला फक्त लक्ष ठेवणं. आणि दणकट वाटणाऱ्याचंच यकृत जास्त बिघडलेलं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर एसजीपीटीची वरची मर्यादा बऱ्याचदा ४० किंवा त्याहून जास्त लिहिलेली असते. एखाद्या बाईचं एसजीपीटी ३४ आलं तर कागदावर ते ‘नॉर्मल’ दिसतं, पण हिपॅटायटिस बी असताना ते नॉर्मल धरत नाहीत. कागदावर ठळक अक्षर नाही म्हणून समाधान मानू नका, आकडा डॉक्टरांना दाखवा. एप्रीही अंदाजच आहे. डेंग्यूनंतर प्लेटलेट घटलेल्या असतील किंवा आदल्या दिवशी भरपूर दारू घेतली असेल, तर तो फसवतो. शंका असेल तिथे फायब्रोस्कॅन करतात. त्यात सुई नसते, यकृत किती कडक झालं आहे ते बाहेरून मोजलं जातं.

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात या आजाराची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बांबोळीच्या गोमेकॉत किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात या कार्यक्रमाबद्दल विचारा. खासगी प्रयोगशाळेत डीएनए चाचणी महाग पडते, म्हणून ती टाळणारे बरेच भेटतात.

मला गोळी लागणार नाही म्हणाले. म्हणजे मी बरा झालो का?

नाही. आजच्या आकड्यांवर गोळीची गरज नाही, एवढंच. धाकट्या भावासारखी शांत अवस्था वर्षानुवर्षं टिकू शकते आणि एखाद्या वर्षी मोडूही शकते. मोडली तरी सुरुवातीला काही जाणवत नाही. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे सहा ते बारा महिन्यांनी एसजीपीटी, आणि सांगतील तेव्हा डीएनए. ज्यांना सिरॉसिस आहे किंवा घरात यकृताचा कर्करोग झालेला आहे, त्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही लागते. हिपॅटायटिस बीमध्ये सिरॉसिस नसतानाही कर्करोग होऊ शकतो, आणि लहान गाठ लक्षण देत नाही.

गोळी सुरू झालेल्यांसाठीही हेच. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर रोज एक घ्यायची असते. ती विषाणूची वाढ दाबून धरते, त्याला मुळासकट काढत नाही. डीएनए ‘आढळला नाही’ असं आलं की लोक स्वतःच गोळी बंद करतात. त्यानंतर काही आठवड्यांत विषाणू उसळून यकृत अचानक निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. गोळी संपत आली की आधीच आणून ठेवा, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

माझ्यापासून घरच्यांना लागेल का?

रक्तातून आणि शरीरसंबंधातून लागू शकतो. एका ताटात जेवणं, मिठी मारणं, खोकला, एकच न्हाणीघर, यातून लागत नाही. स्वयंपाक करायला, प्रसाद वाढायला, हॉटेलात काम करायला काहीही आडकाठी नाही. तुमची भांडी वेगळी ठेवणं हा अन्याय आहे आणि त्याचा उपयोगही नाही.

वेगळ्या ठेवायच्या त्या वस्तू अशा: दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर, मधुमेह तपासायची सुई. या विषाणूचं एक वैशिष्ट्य म्हणजे सुकलेल्या रक्तात तो निदान सात दिवस जिवंत राहतो. त्यामुळे जखम झाकून ठेवा, आणि सांडलेलं रक्त पुसताना एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी वापरा.

जोडीदार, मुलं, आईवडील, भावंडं सगळ्यांची एकदा तपासणी करून घ्या. जे निगेटिव्ह आहेत आणि संरक्षण नाही, त्यांना लशीचे तीन डोस: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. जोडीदाराचे तीनही डोस होऊन अँटीबॉडी १० च्या वर गेल्याचं कळेपर्यंत कंडोम वापरा. रक्तदान मात्र आता कायमचं बंद.

मुलगी गरोदर आहे आणि पॉझिटिव्ह निघाली. तिला काही त्रास नाही. बाळाचं काय?

आईला त्रास नाही यावरून बाळाला धोका नाही असं ठरत नाही. तिचा डीएनए मोजायला हवा. तो २ लाख युनिटच्या वर असेल तर गरोदरपणातच टेनोफोव्हिर सुरू करतात. बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत लस, आणि शक्यतो बारा तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. माहेरपणाला दुसऱ्या गावी जाणार असाल तर तिथल्या इस्पितळात आधीच सांगून ठेवा, कारण इम्युनोग्लोब्युलिन सगळीकडे तयार नसतं. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही.

हुर्राक, फेणी? आणि गावठी औषध?

दारू बंद केलेली बरी, आणि हे मी सौम्य करून सांगणार नाही. विषाणू आणि दारू दोन्ही एकाच अवयवावर काम करतात, आणि दोन्ही गुपचूप. काजूचा हंगाम आला की ‘थोडी हुर्राक’ होतेच, हे मला माहीत आहे. ज्याच्या यकृतात वण सुरू झाले आहेत त्याच्यासाठी ‘थोडी’ ही मर्यादा नाही.

गावात कामिणीवर पाला, मुळी देतात. कावीळ आपोआप उतरणाऱ्या आजारांत त्याला यश मिळाल्यासारखं वाटतं. तुम्हाला कावीळच नाही, तेव्हा उतरण्यासारखंही काही नाही, आणि काही वनस्पती यकृताला उलट इजा करतात.

आखाती देशात नोकरी लागली आहे. मला काहीच त्रास नाही, मग मेडिकलमध्ये अडवतील का?

अडवू शकतात. तिथल्या व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत एचबीएसएजी असतं आणि पॉझिटिव्ह आल्यास बहुधा ‘अनफिट’ लिहितात. तब्येत चांगली असल्याचं सर्टिफिकेट दिल्याने ते बदलत नाही. जहाजावरच्या नोकरीसाठी नियम कंपनीनुसार आणि देशानुसार वेगळे असतात. तिथे डीएनए आणि एसजीपीटीचे ताजे रिपोर्ट कधीकधी उपयोगी पडतात. एजंटला पैसे भरण्याआधी स्वतःची तपासणी करून घ्या. ‘रिपोर्ट निगेटिव्ह करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. असं कोणतंही औषध नाही, आणि तो देणार तो कागद बनावट असेल.

दुसऱ्या आजाराच्या डॉक्टरांना हे सांगायलाच हवं का?

सांगायलाच हवं, विशेषतः स्टेरॉइड, केमोथेरपी, संधिवाताची नवी इंजेक्शनं किंवा रिटक्सिमॅब सुरू होणार असेल तेव्हा. ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, आणि वर्षानुवर्षं शांत असलेला विषाणू उसळतो. लक्षणं बऱ्याचदा औषध संपल्यावर दिसतात, आणि तोवर यकृताची मोठी हानी झालेली असते. आधी कळलं तर त्या औषधाबरोबर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर सुरू करून हे टाळता येतं. एचबीएसएजी निगेटिव्ह पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असलेल्यांनीही हे सांगायचं, कारण त्यांच्या यकृतात विषाणूचा अंश उरलेला असतो. पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि शेवटचे डीएनए व एसजीपीटीचे आकडे यांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. अपघात होऊन तुम्ही शुद्धीवर नसाल, तर सांगायला घरातल्या एकाला तरी हे माहीत असू द्या.